जॉर्जेट-शिफॉन शिवताना सरकतं, चुणतं, उसवतं: दोष टेबलावर आहे की मशीनमध्ये?

तक्रारी ठरलेल्याच असतात. कुर्ता शिवून झाल्यावर खाली धरला तर पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब निघतो. बाजूची शिलाई सपाट बसत नाही, तिच्यावर बारीक चुण्या दिसतात आणि इस्त्री फिरवूनही जात नाहीत. शिलाई सुरू करताच कापडाचं टोक सुईच्या भोकात ओढलं जातं. मध्येच दोन-चार टाके सुटतात. शिलाईच्या बाजूने धागा ओढला गेल्याची आडवी रेघ उठते. धुतल्यावर आतल्या कडांचे दोरे सुटतात, आणि काखेपाशी तर शिलाई शाबूत असूनही तिच्या दोन्ही बाजूंना कापड फाकलेलं दिसतं.

ही सगळी लक्षणं एका कारणाची नाहीत. लांबी कमी-जास्त झाली तर दोष कापताना झालेला असू शकतो किंवा मशीनने केलेला असू शकतो. चुण्या आणि सुटलेले टाके बहुतेक वेळा सुई-दोऱ्याचे असतात. कडा उसवणं आणि शिलाई फाकणं ऐकायला एकच वाटतं, पण ते दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. म्हणून स्क्रू पिळायच्या आधी दोष कुठे आहे ते ठरवा. त्याला फक्त मोजपट्टी आणि एक चिंधी लागते.

आधी मोजा

एक उदाहरण घेऊ. पॉलिस्टर जॉर्जेटचा ए-लाइन कुर्ता आहे. काखेपासून खालपर्यंत बाजूची शिलाई ३२ इंच. पुढचा भाग वर आणि मागचा भाग खाली ठेवून शिवला, आणि खाली पोहोचल्यावर पुढचा भाग ६ सूत, म्हणजे पाऊण इंच, बाहेर आला. पहिला मोह होतो तो वाढलेला भाग कापून टाकायचा. तो कापू नका. कापलंत तर घेर एका बाजूला चढलेला दिसेल आणि नेमकं काय चुकलं ते कधीच कळणार नाही.

उरलेल्या कापडातून १६ इंच लांब आणि ३ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापा. बाजूची शिलाई जितकी तिरपी आहे, तितक्याच तिरपेपणाने कापा. उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी ताणत नाही, तिरपी ताणते. सरळ पट्टीवरची चाचणी चांगली येईल आणि कुर्ता मात्र बिघडेल. दोन्ही पट्ट्यांची टोकं जुळवा, टाचण्या न लावता आणि कापड न ओढता शिवा. शेवटी वरची पट्टी किती पुढे आली ते मोजा.

समजा २ सूत आली. म्हणजे १६ इंचांना २ सूत, ३२ इंचांना ४ सूत. कुर्त्यात फरक ६ सुतांचा होता. त्यातले ४ सूत मशीनचे आणि उरलेले २ सूत कापताना झालेले. पट्टीत काहीच फरक पडला नाही, तर सगळा दोष कापण्यातला. मग मशीनला हात लावायचं कारण नाही, थेट खालच्या टेबलाच्या भागाकडे वळा.

वरचंच कापड पुढे का येतं? मशीनचे दात फक्त खालच्या कापडाला पकडून मागे नेतात. वरच्या कापडावर फूट दाबून बसलेलं असतं, त्यामुळे ते अडतं आणि मागे राहतं. सुती कापडांचे दोन थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तिथे हे जाणवत नाही. जॉर्जेटचे थर एकमेकांवर घसरतात आणि टाक्यागणिक केसाएवढा फरक साठत जातो.

सुई: सगळ्यात स्वस्त तपासणी

सोलापुरात हा दोष वारंवार दिसण्याचं एक साधं कारण आहे. जूनपर्यंत ज्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवले जातात, त्याच मशीनवर लग्नसराईत जॉर्जेटचे कुर्ते आणि शिफॉनच्या ओढण्या येतात. मशीनमध्ये सुई मात्र गणवेशाचीच असते, १६ किंवा १८ नंबरची. ती जॉर्जेटच्या धाग्यांमधून वाट काढत नाही. धाग्यांना ढकलते नाहीतर तोडते. आडवी रेघ उठते ती त्यामुळेच.

शिफॉन आणि पातळ जॉर्जेटसाठी ९ नंबर लावा. जाडसर जॉर्जेट अस्तरासह शिवत असाल तर ११ पुरे. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या बुडाची एचए×१ सुई लागते, अंब्रेला मशीनला गोल बुडाची डीबी×१. नंबर सारखा असला तरी या सुया एकमेकींच्या जागी चालत नाहीत. टोक साधं, अणकुचीदार हवं. होजिअरीसाठी मिळणारी गोल टोकाची सुई इथे नको. ती विणलेल्या कापडाचे फासे बाजूला सारण्यासाठी असते आणि जॉर्जेटवर टाका वेडावाकडा पडतो.

नवी सुईसुद्धा नखावर हलकेच ओढून बघा. ओरखडा उठला किंवा टोक अडकलं तर ती टाकून द्या. पॉलिस्टरचा धागा चिवट असतो, त्यामुळे टोक लवकर बोथट होतं; प्रत्येक जॉर्जेट कपड्याला नवी सुई लावणं महाग वाटलं तरी एका बिघडलेल्या कुर्त्यापेक्षा ते स्वस्तच. मोटारीवर वेगाने शिवत असाल तर सुई काढून बघा. तिच्यावर पांढरट थर दिसला, तर वेगाने सुई तापून पॉलिस्टर वितळतंय. वेग कमी करा, सुई बदला.

सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच दोरा जिकडून नेढ्यात शिरतो तिकडे असली पाहिजे, आणि बूड वर टेकेपर्यंत सारलेलं असलं पाहिजे. जाड कापडावर यातली थोडी चूक खपून जाते. शिफॉनवर लगेच टाके सुटतात.

दोरा आणि ताण

सुई बारीक केली आणि दोरा गणवेशाचाच जाड ठेवला, तर तो नेढ्यात घासतो, तुटतो आणि कापडात जागा न मिळाल्याने चुण्या पाडतो. १२० टिकिटाचा किंवा त्याहून बारीक पॉलिस्टर दोरा वर आणि बॉबिनमध्ये एकच घ्या. बॉबिन भरताना वेग कमी ठेवा. भरधाव भरलेल्या बॉबिनवर पॉलिस्टर दोरा ताणून बसतो. शिवल्यानंतर तो पुन्हा आखडतो. शिवताना सपाट दिसलेली शिलाई दुसऱ्या दिवशी चुणलेली सापडते ती बऱ्याचदा यामुळे, आणि दोष मात्र इस्त्रीला दिला जातो.

टाका साधारण २ मिलिमीटरचा ठेवा, म्हणजे एका इंचात १२ ते १३ टाके. जुन्या काळ्या मशीनच्या पट्टीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. चिंधीवर शिवा, एक इंच मोजा आणि टाके मोजा. टाका याहून बारीक केला तर शिलाई मजबूत होईल असं वाटतं, पण एका इंचात जितकी भोकं जास्त तितके धागे जास्त ढकलले जातात आणि चुण्याही तितक्याच वाढतात.

चुण्या ताणामुळे आहेत की दुसऱ्या कशाने, हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. चुणलेल्या चिंधीवर वरचा दोरा दर इंचावर कात्रीने तोडा. कापड लगेच सैल होऊन सपाट झालं, तर दोरा ताठ आहे. वरच्या ताणाची चकती थोडी सैल करा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवली तर ती जागेवर राहिली पाहिजे आणि हलका झटका दिल्यावर दोन-एक इंच खाली सरकली पाहिजे. झटका देऊनही हलली नाही तर केसचा बारीक स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, सैल करा. दोरा तोडूनही चुण्या तशाच राहिल्या, तर ताणाशी खेळू नका. कारण जाड सुई, जाड दोरा किंवा फुटाचा दाब यांपैकी एक आहे.

फुटाचा दाब आणि कागद

मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांड्याच्या वर जो स्क्रू असतो त्याने फूट किती जोराने दाबेल ते ठरतं. गणवेशाच्या कापडासाठी तो घट्ट पिळलेला असतो. एकेक फेरा सैल करत चिंधीची चाचणी पुन्हा करा. खूप सैल झाला की कापड पुढे सरकायचं थांबतं आणि टाके एकावर एक पडतात. तिथून अर्धा फेरा परत आवळा. अंब्रेला मशीनवर टेफ्लॉनचं फूट लावलं तर वरच्या कापडावरचं घर्षण आणखी घटतं. ते महाग नसतं आणि बदलायला एकच स्क्रू लागतो.

आपल्या उदाहरणात सुई ९ नंबरची केली, दाब दोन फेरे सैल केला आणि नवी पट्टी शिवली. आता १६ इंचांत फरक अर्धा सूत आला. ३२ इंचांना एक सूत. एवढा फरक टाचण्यांनी सांभाळता येतो: आधी वरचं आणि खालचं टोक जुळवा, मग बरोबर मध्यावर टाचा, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर. टाचण्या शिलाईच्या जागेत, म्हणजे कडेच्या आत पाव इंचाच्या पट्ट्यात लावा, म्हणजे कुर्त्याच्या अंगावर त्यांची भोकं राहणार नाहीत. तरीही शिलाई लांबच लांब असेल तर टाचण्यांऐवजी हाताने कच्चा धावदोरा घाला. वेळ जातो, पण मशीन चालताना कापड हलत नाही.

सुरुवातीलाच कापड भोकात जात असेल तर प्लेटचं भोक बघा. जाड सुईसाठी मोठ्या भोकाची प्लेट बसवलेली असते, आणि तिच्यात पातळ कापडाला खाली आधारच नसतो. पहिला उपाय फुकटचा आहे: दोऱ्याची दोन्ही टोकं चार इंच बाहेर काढून मागे धरून ठेवा, आणि शिलाई कापडावर सुरू न करता एका कागदाच्या तुकड्यावर सुरू करून कापडावर जा. उलटी टीप मारून शिलाई पक्की करू नका. तिथेच गाठोडं होतं. सुरुवातीच्या पाच-सहा टाक्यांना टाका लहान करा किंवा टोकं हाताने गाठ मारा.

कागद शिलाईच्या पूर्ण लांबीभर कापडाखाली ठेवला तर सरकण्याचा प्रश्नही बराच सुटतो, कारण दात कागदाला पकडतात, कापडाला नाही. बटर पेपर चालतो, पांढरा पतंगी कागद त्याहून चांगला. रंगीत पतंगी कागद अजिबात नको, ओल लागली की त्याचा रंग सुटतो. छापील वर्तमानपत्र तर फिक्या जॉर्जेटजवळही आणू नका. शिवून झाल्यावर कागद शिलाईच्या बाजूने न ओढता, बोट शिलाईवर दाबून आडवा फाडा. ओढलात तर नुकतीच सरळ आलेली शिलाई ताणली जाईल.

टेबल: खरी मेहनत इथे आहे

मागाच्या गावात ताणा-बाणा समजावून सांगायला नको, पण जॉर्जेटचं सूत वेगळं असतं एवढं लक्षात ठेवा. त्याच्या धाग्याला खूप जास्त पीळ दिलेला असतो, आणि उजव्या-डाव्या पिळाचे धागे आळीपाळीने विणलेले असतात. म्हणून कापडाला बारीक कणीदार पोत येतो आणि ते आकुंचन पावायला कायम तयार असतं. ताग्यावर गुंडाळताना ते ताणलेलं असतं. दुकानातून आणून लगेच कापलं तर तुकडे कापल्यानंतर आखडतात, आणि सगळे सारखे आखडत नाहीत. उदाहरणातले उरलेले २ सूत इथूनच येतात. कापड उलगडून, कुठेही लोंबकळू न देता, निदान काही तास आणि जमल्यास रात्रभर सपाट ठेवा.

व्हिस्कोस जॉर्जेट असेल तर आणखी एक पायरी लागते. ८ बाय ८ इंचांचा तुकडा भिजवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. आखडला असेल तर सगळं कापड आधी भिजवून घ्यावं लागेल. धागा कशाचा हे कळत नसेल तर कडेचे दोन-चार दोरे चिमट्यात धरून जाळा. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, व्हिस्कोस कागदासारखा जळतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो.

सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर जॉर्जेट पाण्यासारखं वाहतं. टेबलावर धुतलेली सुती चादर ताणून बसवा. जाड सोलापुरी चादर खालच्या थराला ठीक, पण तिच्या उठावदार नक्षीवर कात्रीचं खालचं पातं अडखळतं. म्हणून तिच्यावर साधं मांजरपाट किंवा जुना पलंगपोस हवाच. पंखा बंद करा. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की पॉलिस्टर हाताला, कात्रीला आणि स्वतःलाच चिकटतं. टेबलावरचं कापड पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून घेतलं की चिकटणं कमी होतं. कूलरच्या ओलाव्याने फायदा होतो खरा, पण त्याचा झोत टेबलावर येत असेल तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त.

मग कापडाची किनार टेबलाच्या सरळ कडेशी लावा. आडवी रेषा मिळवायला एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढा. तो निघाला की मागे बारीक वाट दिसते, त्या वाटेने कापा. धागा मध्येच तुटतो, तेव्हा वाटेवरून कापत तिथपर्यंत जा आणि पुढचं टोक पकडा. शिफॉन ‘टर्रकन’ फाडून सरळ करायची सवय सोडा. फाडलेली कड सरळ दिसते, पण तिच्या शेजारचे इंचभर धागे ओढले जातात. किनार बाकीच्या कापडापेक्षा घट्ट विणलेली असेल तर कापड तिच्यापाशी गोळा होतं. अशा वेळी किनारीला दर चार इंचांवर छोटा छेद द्या किंवा ती काढूनच टाका.

जॉर्जेट घडी घालून कधीच बेतू नका, हा या सगळ्यातला सर्वात मोठा मुद्दा. सुती कापडाची घडी घालून अर्धा नमुना ठेवायची सवय हाताला असते, पण घडीच्या आतला थर तुम्हाला दिसत नाही आणि तोच सरकतो. नमुना कागदावर पूर्ण उघडा काढा, डावा-उजवा दोन्ही, आणि एकेक थर कापा. खाली पतंगी कागद, मध्ये कापड, वर नमुना, आणि टाचण्यांऐवजी कडेने वजनं: किराण्याची छोटी मापं, लोखंडी नट, काहीही चालतं. कापड आणि खालचा कागद एकत्र कापा. कागद कापल्याने कात्री बोथट होते ही तक्रार खोटी नाही, म्हणून या कामाला वेगळी कात्री ठेवा. खालचं पातं टेबलावरून उचलू नका, आणि कापड वळवू नका. वळणावर स्वतः टेबलाभोवती फिरा.

खूण करताना खडू कापडावर ओढला की कापड त्याच्यामागे जातं. रेघ न काढता ठिपके द्या, किंवा मुंढा आणि चुणीच्या जागी रंगीत दोऱ्याचा सैल टाका घाला. जुळवणीच्या खुणेसाठी कडेला छेद देऊ नका; छेदापासूनच उसवायला सुरुवात होते. खूण कडेबाहेर छोट्या त्रिकोणाच्या रूपात सोडा.

खळ: फार सरकणाऱ्या कापडासाठी

एवढं करूनही कापड हातात राहत नसेल तर त्याला खळ द्या. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे साबुदाणा घ्या, पारदर्शक होईपर्यंत शिजवा, बारीक फडक्याने गाळा आणि गार होऊ द्या. आधी तुकड्यावर बघा: डाग राहतो का, रंग सुटतो का, कापड कागदासारखं कडक होतंय का. कडक झालं तर पाणी घाला. चाचणी बरी आली तर कापड बुडवून, न पिळता, सपाट पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टाकलंत तर ते लोंबून ताणलेल्या अवस्थेतच कडक होईल, आणि सगळी मेहनत उलटी फिरेल. किंचित ओलसर असताना मंद इस्त्री करा. कपडा शिवून झाल्यावर गार पाण्यात खळ निघून जाते. रेशमी जॉर्जेट, जरीकाम, टिकल्या किंवा नुसते ‘ड्रायक्लीन’चे कपडे यांना खळ लावू नका.

उसवणं आणि फाकणं

कड उसवणं म्हणजे कापलेल्या काठाचे दोरे सुटणं. त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कड शिलाईच्या आत कोंडणारी फ्रेंच शिलाई. तिला एकूण ५ सुतांची शिलाई-जागा लागते, म्हणून बेततानाच ती सोडा. आधी उलट्या बाजू समोरासमोर ठेवून ३ सुतांवर शिवा. मग कड कापून १ सूत ठेवा. अर्धवट कापलेले दोरे बाहेर राहू देऊ नका, नाहीतर ते सुलट बाजूला मिशांसारखे डोकावतात. इस्त्रीने शिलाई दाबा, कापड उलटवा, आणि सुलट बाजू समोरासमोर ठेवून २ सुतांवर पुन्हा शिवा. बाजू, खांदा, बाहीची शिलाई यांना ही उत्तम. मुंढ्याच्या गोलाईत ती जाड होते. तिथे पाव इंचाच्या अंतराने दोन ओळी शिवून कड इंटरलॉक केलेली बरी.

फाकणं वेगळं. तिथे कड जागेवर असते, शिलाईचा दोराही तुटलेला नसतो, पण ताणाने धागे शिलाईपासून सरकून जाळी दिसते. ओळखायला शिलाईच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. भोकांची शिडी दिसली तर हे फाकणं आहे. दुहेरी टीप मारून किंवा इंटरलॉक करून ते थांबत नाही, कारण ताण तसाच असतो. जॉर्जेटवर अंगाचा ताण येता कामा नये. अस्तर वरच्या कापडापेक्षा एकूण घेरात अर्धा इंच कमी ठेवा, म्हणजे बसताना-वाकताना ओढ अस्तर घेईल. ब्लाउज अंगाला घट्ट हवा असा ग्राहकाचा आग्रह असेल, तर तो जॉर्जेटचा नको हे बेतायच्या आधीच स्पष्ट सांगा.

खालच्या घेराला घाई करू नका. तिरपा भाग लोंबून वाढतो, म्हणून अनारकली किंवा घेरदार कुर्ता किमान एक रात्र टांगून ठेवा, मग अंगावर किंवा पुतळ्यावर जमिनीपासून मोजून घेर सारखा करा. कडेपासून २ सुतांवर एक टीप मारा, त्या टिपेवर दुमडा, दुमडीच्या अगदी लगत शिवा, उरलेली कड शिलाईला चिकटून कापा आणि पुन्हा एकदा दुमडून शेवटची टीप मारा. एवढं करायचं नसेल तर घेर फॉल-पिकोच्या दुकानात द्या. सोलापुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि साडीचा पदर रोज करणारा हात हे काम चटकन करतो. मात्र घेर सारखा करून मगच द्या, पिकोवाला मोजून देत नाही.

कुठे थांबायचं

नवी ९ नंबरची सुई नीट बसवली, बारीक दोरा घातला, दाब सैल केला, खाली कागद ठेवला आणि तरीही टाके सुटतात, तर हूक आणि सुईची वेळ किंवा सुईच्या दांड्याची उंची बिघडली आहे. हे घरी दुरुस्त करू नका. दांडा थोडा जरी चुकीचा सरकला तर सुई हुकाला लागते, आणि मग सुईबरोबर हूकही बदलावा लागतो. मेकॅनिकला नुसतं ‘मशीन बिघडलंय’ असं सांगू नका. सुटलेल्या टाक्यांची चिंधी दाखवा आणि कोणत्या नंबरच्या सुईवर तपासायचं ते सांगा. तो १६ नंबरच्या सुईवर जाड कापड शिवून ‘मशीन ठीक आहे’ म्हणून निघून जाईल. पातळ कापडासाठी बारीक दात आणि लहान भोकाची प्लेट हा संच एकत्र मिळतो. अंब्रेला मशीनवर तो त्याच्याकडूनच बसवून घ्या, आणि गणवेशाचा जुना संच डबीत नाव लिहून ठेवा.

कपड्याच्या बाबतीतही एक हद्द आहे. शिफॉनची शिलाई एकदा उसवून पुन्हा शिवता येते. दुसऱ्यांदा उसवली की भोकांच्या ओळी उरतात आणि त्या धुतल्याने किंवा इस्त्रीने बुजत नाहीत. पहिल्यांदा उसवल्यावर चिंधीवरची चाचणी एक सुताच्या आत येईपर्यंत खऱ्या कापडाला हात लावू नका. भाग वाकडा कापला गेला असेल आणि त्याची लांबी पुरेशी असेल, तर नमुना पुन्हा सरळ ठेवून तो लहान मापात कापा. पुरत नसेल तर शिलाईत ओढून बसवायचा प्रयत्न सोडा, कारण तो भाग अंगावर कायम पिळलेलाच दिसतो. रेशमी जॉर्जेट, भरतकामाचा तागा किंवा परत न मिळणारं लग्नाचं कापड असेल तर बेतायच्या आधीच ते रोज असं कापड कापणाऱ्या कारागिराकडे न्या. फक्त कापून घ्या, हवं तर शिवण घरी करा. मजुरी कापण्यापुरतीच लागते.